शुक्रवारची फाइल आणि हरवलेले सतरा तास: कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी आमच्या पतसंस्थेच्या वसुली विभागातून पिग्मी एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाइल गेली. दर आठवड्याला जायची तशीच. उघडल्यावर बारा ओळींचा एक तक्ता दिसायचा. कुठल्या शाखेत किती वसुली झाली, किती थकबाकी राहिली, बस. 6 वाजून 5 मिनिटांनी इचलकरंजीच्या एका एजंटाचा विभागातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला फोन आला. ‘‘सर, पोरानं लॅपटॉपवर उघडलं तर यात सगळ्यांची नावं दिसायला लागल्यात की. आधार नंबरसुद्धा हायत.’’

मी या संस्थेत संगणकाचं आणि कायदे-नियमांच्या अनुपालनाचं काम पाहते. संस्थेचं नाव इथे देत नाही. जिल्ह्यात सहा शाखा, 58 कर्मचारी, कमिशनवर काम करणारे एजंट, असा आमचा पसारा. या प्रकरणात माझ्या वाट्याला जे सगळ्यात अवघड काम आलं, ते फाइल शोधण्याचं नव्हतं. घडलेल्या गोष्टीबद्दल सगळ्या कर्मचाऱ्यांना काय लिहायचं, हे ठरवण्याचं होतं. दोन दिवसांत त्या पत्राचे तीन मसुदे झाले आणि प्रत्येक मसुद्यागणिक चूक नक्की कोणाची, याचं उत्तर बदलत गेलं.

आधी त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बारा ओळींचा तक्ता हा पिव्होट टेबल होता, म्हणजे मोठ्या यादीच्या बेरजा एक्सेल आपोआप मांडून देतं तो तक्ता. सॉफ्टवेअरमधून सगळ्या कर्जदारांची यादी एक्सेलमध्ये काढायची, तिच्यावरून पिव्होट तयार करायचा, मूळ यादीची शीट काढून टाकायची आणि उरलेली फाइल पाठवायची, अशी पद्धत होती. शीट पुसली म्हणजे यादी गेली, असं पाठवणाऱ्याला वाटायचं. मलाही विचारलं असतं, तर घाईत मी तेच म्हणाले असते. पण पिव्होट टेबल आपल्या पोटात मूळ यादीची एक प्रत बाळगून असतो. एक्सेलचा तो नेहमीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. मूळ शीट नसली तरी बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्या आकड्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर मांडल्या जातात. एजंटाच्या मुलानं तळाच्या एकूण बेरजेवर क्लिक केलं. त्याच्यासमोर 3,812 कर्जदार उभे राहिले: नाव, पत्ता, मोबाइल, खाते क्रमांक, पॅन, शिल्लक कर्ज, थकलेले हप्ते. त्यातल्या 1,140 जणांचा आधार क्रमांक पूर्ण बारा आकडी होता, कारण जुन्या केवायसीच्या रकान्यात तो झाकलेला नव्हताच.

यातलं नुकसान दोन प्रकारचं आहे. पहिलं सगळ्यांना कळतं. खाते क्रमांक, हप्ता आणि आधार अचूक सांगून कोणी फोन केला, ‘‘तुमच्या कर्जखात्याचं केवायसी संपलंय, आलेला ओटीपी सांगा,’’ तर माणूस विश्वास ठेवणारच. दुसरं नुकसान बाहेरच्याला कळणार नाही. आमचा एजंट त्याच गल्लीत राहतो. ज्याच्या दुकानातून तो रोज शंभर रुपयांची पिग्मी घेतो, त्या दुकानदाराचे चार हप्ते थकलेत हे आता एजंटाला ठाऊक झालं, आणि त्याच्याबरोबर ग्रुपमधल्या इतरांनाही. थकबाकीदार म्हणून गल्लीत नाव होणं, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत ते कानावर येणं, याची भरपाई कुठल्या दाव्यात मागायची?

आता ते सतरा तास.

फोन आल्यावर त्या अधिकाऱ्यानं पाच मिनिटांत फाइल सगळ्यांसाठी पुसली. तक्त्याचा फोटो काढून तो ग्रुपवर टाकला आणि तो घरी गेला. वरच्या कोणालाही कळवलं नाही. शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दुसऱ्याच एका एजंटानं राजारामपुरीच्या शाखेत काउंटरवर सहज विषय काढला, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी मला फोन केला. 6 वाजून 5 ते सव्वाअकरा म्हणजे सतरा तास आणि दहा मिनिटं.

मी त्याला बोलावलं. तो समोर बसून टेबलाकडे बघत म्हणाला, ‘‘मॅडम, पुसलं होतं मी लगेच. वाटलं, विषय संपला.’’ थोड्या वेळानं, मी काही न विचारता, म्हणाला, ‘‘त्या कॅशियर मॅडमचं झालं तसं माझं नको व्हायला.’’

मला कळायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी एका शाखेत कॅशमध्ये तूट आली होती. दुसऱ्या दिवशी तूट सापडली, पैसे भरून निघाले. पण कॅशियरला दिलेली नोटीस मासिक सभेत नावानिशी वाचून दाखवण्यात आली होती. त्या सभेत आम्ही 58 जणांना एक धडा दिला होता आणि तो सगळ्यांनी चोख पाठ केला होता.

त्या सतरा तासांत काय गेलं? ग्रुपवरच्या संदेशाच्या माहितीत तो कोणी पाहिला याची यादी दिसते. संदेश पुसला की ती यादीही जाते. पुसण्याआधी त्या यादीचा एक स्क्रीनशॉट काढायला दहा सेकंद लागले असते आणि फोन कोणाकोणाला करायचे ते आम्हाला कळलं असतं. ते त्याला माहीत नव्हतं आणि विचारायला जवळ कोणी नव्हतं. शिवाय सगळ्यांसाठी पुसलं तरी कोणी आधीच पुढे पाठवलेली किंवा दुसरीकडे साठवलेली प्रत पुसली जात नाही. शुक्रवारी रात्री साडेसहाला फोन सुरू केले असते तर बहुतेक एजंटांनी फाइल उघडलीही नसती. शनिवारी दुपारी आम्ही सुरुवात केली तेव्हा काहींनी ती शाखेच्या वेगळ्या ग्रुपवर टाकून झाली होती.

कायद्याचं घड्याळही चालूच होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. हे निर्देश निगम निकायांना, म्हणजे कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व मानलेल्या संस्थांना, लागू आहेत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदणी झालेली संस्था ही निगम निकाय असते. ‘आम्ही एवढीशी पतसंस्था, आम्हाला कुठलं आलंय’ ही पळवाट त्यामुळे उरत नव्हती. लक्षात आलं कोणाच्या? संस्थेच्या एका अधिकाऱ्याच्या, शुक्रवारी सहा वाजून पाच मिनिटांनी. शनिवारी दुपारी पाठवलेल्या ईमेलमध्ये मी तीच वेळ लिहिली. ‘शनिवारी लक्षात आलं’ असं लिहावं, असं एका संचालकांनी सुचवलं. मी नकार दिला. त्यामुळे आमचा अहवाल उशिरा दिलेला म्हणूनच गेला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. फुटलेल्या डेटाची माहिती डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तीला देण्याची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होते. तरी सभासदांना आत्ताच कळवायचं, यावर शनिवारी संध्याकाळी एकमत झालं. त्या कायद्याच्या व्याख्येत चुकून उघड झालेली माहितीही डेटा फुटणंच आहे, चोरी झाली नाही म्हणून सुटका नाही.

पहिला मसुदा सरव्यवस्थापक साहेबांनी शनिवारी संध्याकाळीच लिहून दिला. तो असा होता:

‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, वसुली विभागातील कर्मचाऱ्याच्या बेजबाबदार वर्तनामुळे संस्थेची गोपनीय माहिती बाहेर गेली आहे. यापुढे अशी बाब आढळल्यास संबंधितावर कडक कारवाई करण्यात येईल. सर्वांनी गोपनीयतेचे काटेकोर पालन करावे.’

साहेब माणूस वाईट नाहीत. तीस वर्षं याच भाषेत परिपत्रकं वाचली आणि लिहिली, तीच हातातून उतरली. पण ‘आढळल्यास’ या शब्दावर माझी नजर अडकली. कारवाई चुकीवर नाही, आढळण्यावर आहे. ते वाचणारा शहाणा माणूस एवढंच शिकेल की आढळू द्यायचं नाही. शुक्रवारी नेमकं तेच झालं होतं. दुसरं म्हणजे गेलं काय, कसं गेलं, याचा एक शब्द त्यात नव्हता, त्यामुळे सोमवारी दुसऱ्या शाखेतला माणूस तशीच फाइल निर्धास्तपणे पाठवणार होता. आणि ‘वसुली विभागातील कर्मचारी’ म्हणजे नाव घेतल्यासारखंच. तिथे दोघंच बसतात.

मी साहेबांना म्हटलं, ‘‘साहेब, सोमवारी सकाळपर्यंत वेळ द्या. जुन्या फाइली बघते आधी.’’

हे बरं केलं. रविवारी मी पाठवलेल्या जुन्या फाइली काढून बसले. एक्सेलची फाइल ही मुळात झिप फाइल असते. तिचं टोक `.xlsx` ऐवजी `.zip` केलं आणि उघडली की आतले कप्पे दिसतात. त्यात हा कप्पा भरलेला असला, की यादी आत आहे असं समजायचं:

```
xl/pivotCache/pivotCacheRecords1.xml
```

मागच्या तेवीस आठवड्यांच्या तेवीस फाइलींमध्ये तो होता. सगळ्या त्याच ग्रुपवर गेलेल्या. त्याआधीचा तक्ता हातानं टाइप केलेला असायचा. दिवाळीच्या सुमारास एका वरिष्ठानं काम सोपं व्हावं म्हणून पिव्होटचा साचा करून दिला, नंतर त्यांची बदली गडहिंग्लजला झाली, आणि कनिष्ठ अधिकारी दर शुक्रवारी तो साचा भरत राहिला. म्हणजे चूक त्या शुक्रवारची नव्हतीच, ती त्या शुक्रवारी उघडकीस आली. तो साचा मंजूर करताना माझ्या टेबलावरूनही गेला होता. मी आकडे बरोबर आहेत का एवढं पाहिलं, फाइलचा आकार पाहिला नाही. बारा ओळींची साधी फाइल वीस केबीच्या आसपास असायला हवी. ही 590 केबीची होती. एवढ्याशा तक्त्याला एवढं वजन कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आणि जुने तेवीस संदेश पुसण्याचा मार्गही बंद होता. व्हॉट्सॲप सगळ्यांसाठी पुसण्याची सोय साधारण अडीच दिवसच देतं. राहिला उपाय एकच: 46 जणांना एकेक करून फोन. त्यातले पाच जण आता आमचे एजंटही नव्हते. काम सोडून गेलेल्यांना ग्रुपमधून कोणी काढलंच नव्हतं.

साहेबांना रविवारी रात्री फोन करून हे सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मग त्या पोराचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं आपण.’’ दुसरा मसुदा तिथेच बाद झाला. त्यात मी नाव वगळलं होतं, पण ‘एका चुकीमुळे’ असं लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला, काउंटर उघडण्याआधी, सगळ्या शाखांत गेलेलं पत्र हे:

‘सहकाऱ्यांनो,

शुक्रवारी पिग्मी एजंटांच्या ग्रुपवर पाठवलेल्या साप्ताहिक एक्सेल फाइलमध्ये 3,812 कर्जदारांची पूर्ण माहिती दडलेली होती. नाव, पत्ता, मोबाइल, पॅन, कर्ज आणि थकबाकी. 1,140 जणांचा आधार क्रमांकही होता. दिसणारा तक्ता बारा ओळींचा होता, पण बेरजेवर दोनदा क्लिक केल्यावर पूर्ण यादी उघडत होती.

मागच्या तेवीस आठवड्यांच्या फाइलींतही हेच होतं. त्या फाइलींचा साचा संस्थेनं मंजूर केला होता. तो तपासण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची होती आणि ती पार पडली नाही.

शुक्रवारी ही गोष्ट एका सहकाऱ्याला संध्याकाळी सहा वाजता कळली. आम्हाला ती शनिवारी सकाळी कळली. मधल्या वेळात फाइल आणखी पसरली. ती लगेच का कळवता आली नाही, याचाही आम्ही विचार केला आहे. याआधी चुका कशा हाताळल्या गेल्या, हे त्याचं एक कारण आहे. यापुढे कोणाचीही चूक सभेत नावानिशी वाचली जाणार नाही.

आजपासून:

सभासदांची माहिती असलेली एक्सेल फाइल संस्थेबाहेर कोणालाही जाणार नाही. एजंटसुद्धा यात आले. द्यायचंच असेल तर पीडीएफ, आणि त्यात ज्याचं काम आहे त्याच्यापुरतेच सभासद.

आधार क्रमांक कुठेही लिहायचा असेल तर शेवटचे चार आकडे.

चुकीच्या माणसाला किंवा चुकीची फाइल गेली असं वाटलं, नुसती शंका आली, तरी अर्ध्या तासात मला फोन करा. रात्री, रविवारी, केव्हाही. फाइल पुसण्याआधी ती कोणी पाहिली याचा स्क्रीनशॉट काढा. मी फोन उचलला नाही तर सरव्यवस्थापकांना करा.

अर्ध्या तासात कळवलेल्या अनवधानाच्या चुकीवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. माहीत असून लपवलेल्या, किंवा नियम माहीत असून मुद्दाम टाळलेल्या गोष्टीवर होईल. तीच चूक पुन्हा पुन्हा झाली, तर त्या कामाची परवानगी काढून घेतली जाईल.

सभासदांना आजपासून पत्र आणि एसएमएस जात आहेत. काउंटरवर कोणी विचारलं तर खरं सांगा: होय, माहिती बाहेर गेली आहे, तुमचे पैसे खात्यात सुरक्षित आहेत, संस्था फोनवर ओटीपी कधीच मागत नाही, तसा फोन आला आणि पैसे गेले तर ताबडतोब 1930 ला कळवा. तुमचं नाव यादीत आहे का, हे विचारलं तर माझ्याकडे पाठवा, अंदाजानं उत्तर देऊ नका.

येत्या पंधरा दिवसांत प्रत्येकाचं पाऊण तासाचं प्रशिक्षण होईल. पहिल्या तुकडीत मी आणि सरव्यवस्थापक असू.’

खाली साहेबांची आणि माझी सही. परिपत्रकाची ‘कळविण्यात येते’ ही भाषा आम्ही मुद्दाम टाळली, कारण तिच्यात कोण कळवतंय हे कधीच दिसत नाही.

पत्राबरोबर शाखाधिकाऱ्यांना समजावं म्हणून मी उघडलेल्या यादीचा स्क्रीनशॉट जोडणार होते. पाठवायच्या दहा मिनिटं आधी लक्षात आलं, की त्यात सहा सभासदांची नावं स्पष्ट दिसतात. काढून टाकला. आतल्या माणसांसाठी लिहिलेलं पत्र दुपारपर्यंत बाहेर जाणार, हे धरूनच लिहायचं असतं. ते गेलंही. संध्याकाळी एका सभासदानं मला तेच पत्र त्यांच्या मोबाइलवर दाखवलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो प्रसंग निभावला.

सगळ्यात जास्त वाद ‘कारवाई होणार नाही’ या वाक्यावर झाला. अध्यक्षांचं म्हणणं होतं, ‘‘म्हणजे कोणीही काहीही करावं आणि फोन करून मोकळं व्हावं.’’ शंका चुकीची नव्हती. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या केल्या: हात चुकणं, माहीत असून आडमार्ग घेणं, आणि लपवणं. पहिल्याला अभय, उरलेल्या दोघांना नाही. शिवाय अभय म्हणजे परिणामच नाही असं नव्हे, वारंवार चुकणाऱ्याच्या हातातलं ते काम जाईल. अध्यक्षांना शेवटी पटलं ते वेगळ्याच मुद्द्यानं. मी विचारलं, ‘‘दोन वर्षांत आपल्याकडे अशा चुकीची एकही नोंद नाही. 58 माणसं, रोज शेकडो संदेश. खरंच एकही चूक झाली नसेल?’’

एक मुद्दा मात्र मला आधी सुचला नव्हता, तो राजारामपुरीच्या शाखाधिकारी ताईंनी काढला. एजंट हे कर्मचारी नाहीत. त्यांना हे पत्र लागूच होत नाही आणि माहिती तर सगळी त्यांच्याच हातात. मग त्यांच्यासाठी अर्ध्या पानाचं वेगळं पत्र काढलं, आणि फाइल व तिच्या प्रती काढून टाकल्याचं प्रत्येकाकडून लेखी घेतलं. हे पत्र वाचून दाखवायला शाखाधिकारी स्वतः बसले, कारण काही जुन्या एजंटांना नुसता कागद हातात ठेवलेला आवडत नाही. ‘‘एवढी वर्षं पैसे हाताळतोय आम्ही, आता विश्वास नाही होय?’’ असं दोघांनी विचारलंच. विश्वासाचा प्रश्न नाही, तुमच्या मोबाइलमध्ये नको असलेलं ओझं आम्ही टाकलं होतं ते काढून घेतोय, असं सांगितल्यावर ते मऊ झाले.

प्रशिक्षण म्हणजे गोपनीयतेवरचं व्याख्यान करायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आठ-आठ जणांच्या तुकड्या केल्या आणि प्रत्येकासमोर खोट्या नावांच्या चार फाइली ठेवल्या. एकीत लपवलेली शीट, दुसरीत लपवलेले रकाने, तिसरीत पिव्होट, आणि चौथी एक पीडीएफ, जिच्यात आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढलेली होती. काम एकच: यातली कुठली बाहेर पाठवता येईल? काहीही समजावण्याआधी हे करून घेतलं. लपवलेले रकाने 41 जणांनी पकडले. पिव्होट फक्त नऊ जणांनी, तेही सोमवारचं पत्र वाचलेलं असताना. काळ्या पट्टीची पीडीएफ जवळपास सगळ्यांनी बिनधास्त पास केली. मी पट्टीखालचा भाग माउसनं निवडून कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. बारा आकडे जसेच्या तसे उतरले. खोलीत एकदम शांतता झाली. गडहिंग्लजला बदली झालेले ते वरिष्ठही त्या तुकडीत होते. नंतर जिन्यात थांबून म्हणाले, ‘‘तो साचा माझा होता. पत्रात आलं नाही, खरं मला माहीत आहे.’’ मी म्हटलं, माझ्या सहीनं गेला होता.

मग प्रत्येकानं स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली. तक्ता निवडायचा, कॉपी करायचा, कोऱ्या नव्या फाइलमध्ये `Paste Special` मधून `Values` निवडून चिकटवायचा, बेरजेवर दोनदा क्लिक करून काही उघडत नाही ना ते बघायचं, फाइलचा आकार बघायचा, मगच पीडीएफ करायची. आणि शेवटी प्रत्येकानं खोलीतूनच मला फोन लावला आणि ‘माझ्याकडून चुकीची फाइल गेली’ हे वाक्य म्हणून दाखवलं. हे काहींना पोरकट वाटलं. पण तो नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी साठवला गेला, आणि ते वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडलेलं असलं की दुसऱ्यांदा जड जात नाही.

सहा आठवड्यांनी न सांगता पुन्हा चार नव्या फाइली दिल्या. त्या दिवशी हजर असलेल्या 55 पैकी 47 जणांनी पिव्होट ओळखला. आठ जण राहिलेच. प्रशिक्षणाची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. शांत खोलीत, परीक्षा आहे हे माहीत असताना आठ जण चुकतात, तर शुक्रवारी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी, समोर रांग आणि मागून एजंटांचे फोन असताना किती चुकतील? म्हणून खरा आधार प्रशिक्षणावर ठेवला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडून एजंटनिहाय पीडीएफ अहवाल तयार करून घेतला, त्यामुळे एक्सेल काढण्याची गरजच उरली नाही. एक्सेल काढण्याची परवानगी सहा जणांना होती, ती दोघांवर आणली. त्यातून काढले गेलेल्यांत तो कनिष्ठ अधिकारी होता, तसेच शाखाधिकारीही होते, म्हणून ती शिक्षा दिसली नाही. अहवालाची वेळ शुक्रवार संध्याकाळवरून शनिवार सकाळी अकरावर नेली. एवढ्या साध्या बदलाला कोणाचाच विरोध नव्हता. शुक्रवारचा आग्रह कोणी आणि का धरला होता, हे कोणालाच आठवेना.

पहिल्या दोन महिन्यांत मला सात फोन आले. पाच नुसत्या शंका होत्या. एकानं नोकरीसाठी आलेल्या अर्जदाराची कागदपत्रं चुकीच्या शाखेला पाठवली होती. दुसरा इचलकरंजीहून आला: एका सभासदाच्या खात्याचा उतारा दुसऱ्याच सभासदाच्या मोबाइलवर गेला होता, दोघांची आडनावं एकच. तो फोन अकरा मिनिटांत आला आणि स्क्रीनशॉट आधी काढलेला होता. संचालक मंडळाच्या बैठकीत हे आकडे ठेवले, तेव्हा एकांनी विचारलं, ‘‘दोन वर्षांत शून्य आणि आता दोन महिन्यांत सात? मॅडम, हे वाढतंय की.’’ मी फक्त सोमवारचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं.

काही गोष्टी मात्र मिटलेल्या नाहीत. 46 पैकी 44 जणांनी लेखी दिलं. उरलेल्या दोघांपैकी एक आता दुसऱ्या पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करतो. तो फोन उचलतो, ‘‘डिलीट केलंय ओ मॅडम,’’ म्हणतो, पण सही करायला येत नाही. त्याच्या मोबाइलचा बॅकअप कुठे आहे, तेवीस फाइलींपैकी किती त्यात आहेत, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून त्या 3,812 खात्यांवर सॉफ्टवेअरमध्ये एक खूण केलेली आहे. त्यातल्या कोणाचाही मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज आला, तर सभासद स्वतः शाखेत आल्याशिवाय आणि जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल होत नाही. त्यामुळे काउंटरवर वेळ जातो. परवा लक्ष्मीपुरीतले एक आजोबा वैतागून म्हणाले, नंबर बदलायला एवढं कशाला? काउंटरवरच्या मुलीनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि शुक्रवारच्या फाइलची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली.